‘वर्ग २’ दिसलं? एका कॅरोसेलच्या दोन कव्हरांची चाचणी

जमीन घेताना कागद कसे तपासायचे, हे मराठीत सांगणारं एक इन्स्टाग्राम पान. त्यावर सातबारा उताऱ्याविषयी आठ कार्डांचा कॅरोसेल टाकायचा होता. मजकूर तयार होता आणि तलाठी कार्यालयात काम केलेल्या माणसाकडून तपासूनही घेतला होता. अडलं होतं ते पहिल्या कार्डावर. एकाचं म्हणणं, कव्हरवर सरळ लिहा: ‘७/१२ उतारा कसा वाचायचा? सोप्या भाषेत’. दुसऱ्याचं म्हणणं, असं लिहिलं तर कोणीही अंगठा थांबवणार नाही. त्याने सुचवलं: ‘सातबाऱ्यावर “वर्ग २” दिसलं? इसार देण्याआधी थांबा.’

पहिल्या कव्हरला ‘अ’ म्हणू, दुसऱ्याला ‘ब’. पान आणि पुढचे आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत. चाचणी लावायची रीत, हिशेब आणि आकड्यांवरून निष्कर्ष काढताना होणाऱ्या चुका मात्र प्रत्यक्ष कामात येतात तशाच आहेत.

आतली सात कार्डं

कव्हरची चाचणी म्हणजे आतलं सगळं हुबेहूब सारखं ठेवायचं. दोन्ही आवृत्त्यांत दुसऱ्या कार्डावर ‘सातबारा म्हणजे काय’ होतं: गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा एकत्र उतारा. तिसऱ्यावर तो कुठे मिळतो ते. चौथ्यावर भूधारणा पद्धत, म्हणजे भोगवटादार वर्ग १ की वर्ग २. पाचव्यावर कब्जेदारांची नावं आणि क्षेत्र, पोटखराबासकट. सहाव्यावर ‘इतर हक्क’ हा रकाना, जिथे बँकेचा बोजा किंवा कुळाची नोंद दिसते. सातव्यावर फेरफार क्रमांक. आठव्यावर सगळ्याची एका नजरेत यादी.

‘ब’ची गाठ चौथ्या कार्डाशी आहे, हे ध्यानात ठेवा. पुढे सगळं तिथेच अडणार आहे.

‘ब’ ठरवताना आणखी एक कव्हर बाद झालं होतं: ‘वर्ग २ म्हणजे पैसे बुडाले’. त्याने अंगठा नक्की थांबला असता, पण ते खोटं आहे. वर्ग २ च्या जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध असतात आणि सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. म्हणून जमीन विकताच येत नाही असं नाही. कव्हरवरचं वाक्य आतल्या कार्डाने खोडून काढलं तर वाचक पुढे जातो, पण कार्ड कोणाला पाठवत नाही. आपण पाठवलेलं चुकीचं निघालं तर मान खाली घालावी लागते ती पाठवणाऱ्याला.

एकाच पानावर दोनदा टाकून का चालत नाही

पुष्कळ जण आज ‘अ’ टाकतात, दहा दिवसांनी ‘ब’ टाकतात आणि आकडे शेजारी ठेवतात. यात दोन घोटाळे होतात. दुसऱ्या वेळी पाहणाऱ्यांतले बरेच जण तोच मजकूर आधी वाचून बसलेले असतात. त्यांनी तो एकदा सेव्ह केला असेल तर पुन्हा कशाला करतील? शिवाय वार, वेळ, त्या आठवड्यातली बातमी, सगळंच बदललेलं असतं. महसूल खात्याचा एखादा निर्णय त्या आठवड्यात गाजला की सातबाऱ्यावरचं काहीही चालतं.

म्हणून चाचणी मेटाच्या अ‍ॅड्स मॅनेजरमधल्या ए/बी टेस्टने लावली. तिथे प्रेक्षकांचे दोन वेगळे गट पडतात आणि एका माणसाला दोन्ही आवृत्त्या दिसत नाहीत. रोज प्रत्येकी २०० रुपये, ७ दिवस, म्हणजे एकूण २,८०० रुपये. प्रेक्षक महाराष्ट्रातले, वय २८ ते ५५; गेल्या वर्षभरात या पानाशी ज्यांचा संबंध आला ते वगळले. जागा फक्त इन्स्टाग्राम फीड. पूर्ण आठवडा घेतला, कारण जमिनीच्या गोष्टी लोक शनिवार-रविवारी वेगळ्या सवडीने वाचतात.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, उद्दिष्ट. ‘ट्रॅफिक’ निवडलं तर यंत्रणा प्रत्येक जाहिरातीसाठी क्लिक करणारी माणसं शोधत बसते. गट सुरुवातीला सारखे असले तरी ‘ब’ एका तऱ्हेच्या माणसांना आणि ‘अ’ दुसऱ्या तऱ्हेच्या माणसांना दिसू लागतो. मग फरक कव्हरचा की माणसांचा, हे सांगता येत नाही. उद्दिष्ट ‘अवेअरनेस’ आणि मोजणी ‘रीच’वर ठेवली की ही ओढ कमी होते, पूर्ण जात नाही.

दुसरं, कार्डांचा क्रम. कॅरोसेल जाहिरातीत जास्त चालणारं कार्ड आपोआप पुढे आणण्याचा पर्याय असतो. तो बंद केला नाही तर तुमचं कव्हर कव्हर राहीलच असं नाही; काही लोकांना फेरफाराचं कार्ड पहिलं दिसेल आणि चाचणी तिथेच संपेल. शेवटी पानाच्या फोटोचं कार्ड जोडण्याचा पर्यायही बंद करायचा. तिसरं, चित्र किंवा मजकूर आपोआप ‘सुधारणारे’ सगळे पर्याय. तेही बंद.

कव्हरच्या अक्षरांचंही एक सांगायला हवं. ‘सातबाऱ्यावर’ या शब्दातला ‘ऱ्या’ काही फाँटमध्ये मोडतो आणि ‘र्या’ असा उमटतो. संगणकावर ठीक दिसलेलं चित्र निर्यात केल्यावर बिघडलेलं असू शकतं, म्हणून तयार फाइल फोनवर उघडून बघायची. ‘ब’च्या पहिल्या मांडणीत ‘वर्ग’ एका ओळीच्या शेवटी आणि ‘२’ पुढच्या ओळीत गेला होता. मग वाचताना ‘सातबाऱ्यावर वर्ग… दोन दिसलं’ असं अडखळायला होतं. दोन्ही एका ओळीत आणल्यावर ते उताऱ्यावर दिसतं तसं दिसू लागलं. दोन्ही कव्हरांचा रंग, फाँट आणि अक्षरांचा आकार एकच ठेवला, नाहीतर चाचणी शब्दांची न राहता सजावटीची होते.

स्वाइपचा आकडा कुठून आणायचा

सेव्ह आणि शेअर हे आकडे जाहिरातीच्या तक्त्यात रकाने जोडले की मिळतात. किती जणांनी कार्ड सरकवलं, कुठल्या कार्डापर्यंत गेले, हे या खात्यात थेट मिळत नव्हतं. म्हणून आडवाट घेतली. कॅरोसेल जाहिरातीत प्रत्येक कार्डाला स्वतःची लिंक देता येते. प्रत्येक कार्डावर ‘मोठा नमुना पाहा’ असं लिहून लिंकेच्या शेवटी वेगळी खूण लावली:

```
utm_source=ig&utm_medium=paid&utm_campaign=satbara&utm_content=b_k8
```

`b_k8` म्हणजे ‘ब’ आवृत्ती, आठवं कार्ड. आठव्या कार्डाच्या लिंकेवरून जो आला तो आठव्या कार्डापर्यंत पोहोचलाच होता. पोहोचलेल्यांपैकी फार थोडे लिंक दाबतात, त्यामुळे हा स्वाइपचा खरा दर नाही. पण आतली कार्डं दोन्हीकडे तीच असल्याने दाबणाऱ्यांचं प्रमाणही साधारण सारखंच धरता येतं आणि ‘अ’-‘ब’ तुलना उभी राहते. सरकवताना चुकून लागलेले स्पर्श वजा करायला हवेत: साइटवर दोन-तीन सेकंदही न थांबलेले मोजणीतून काढले.

हाच कॅरोसेल स्टोरीत आठ फ्रेम करून टाकायचा आणि फ्रेमनिहाय रीच बघायचा, अशीही एक युक्ती सांगितली जाते. या कामाला ती निरुपयोगी आहे. स्टोरी आपोआप पुढे जाते. दुसरी फ्रेम दिसायला वाचकाला काहीच करावं लागत नाही. इथे प्रश्नच मुळी ‘अंगठा हलला का’ हा आहे.

पहिल्या फेरीचे आकडे

| | अ | ब |
|---|---|---|
| रीच | १८,२०० | १७,९०० |
| सेव्ह | १६४ | ११२ |
| शेअर | ५८ | १२१ |
| कार्ड २ आणि ३ वरून क्लिक | ६२ | १३१ |
| कार्ड ८ वरून क्लिक | ५२ | ३१ |

दर हजार माणसांमागे बोलायचं तर सेव्ह ९.० विरुद्ध ६.३ आणि शेअर ३.२ विरुद्ध ६.८.

आकडा वेगळा दिसला म्हणजे फरक खरा असतोच असं नाही. दोन्हीकडचा रीच जवळपास सारखा असेल तर एक हाताने करता येण्याजोगा हिशेब पुरतो: दोन आकड्यांमधला फरक घ्या आणि त्यांच्या बेरजेच्या वर्गमुळाने भागा. उत्तर २ च्या खाली आलं तर तो योगायोग असू शकतो, त्यावर काही ठरवू नका. शेअरचं गणित असं:

```
(१२१ − ५८) ÷ √(१२१ + ५८) = ६३ ÷ १३.४ = ४.७
```

सेव्हचं उत्तर ३.१ येतं, सुरुवातीच्या कार्डांचं ५.०, आठव्या कार्डाचं २.३. चारही फरक धरण्याजोगे आहेत. हाच हिशेब पहिल्या दिवशी केला असता तर? तेव्हा सेव्ह ‘अ’ला ११ आणि ‘ब’ला १५ होते, उत्तर ०.८. म्हणजे सांगण्यासारखं काहीच नाही. तरी अशाच वेळी ‘ब पुढे आहे, अ बंद करूया’ असा फोन येतो. आठवड्याच्या शेवटी सेव्हमध्ये ‘अ’ बराच पुढे होता.

या आकड्यांचा अर्थ

‘ब’ जिंकला असं म्हणायला शेअर पुरेसे वाटतात, ‘अ’ जिंकला म्हणायला सेव्ह. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत, कारण सेव्ह आणि शेअर एकाच आवडीची दोन मापं नव्हेत.

सेव्ह माणूस स्वतःसाठी करतो: आत्ता नाही, पण पुढे कधी उतारा हातात आला की लागेल. ‘अ’चं कव्हर एखाद्या वहीच्या पुठ्ठ्यासारखं आहे, त्यावरूनच कळतं की आत संदर्भाची गोष्ट आहे. शेअर दुसऱ्यासाठी असतो, आणि बहुतेकदा पाठवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक माणूस असतो. ‘इसार देण्याआधी थांबा’ वाचताना गावाकडे गुंठेवारीत प्लॉट बघणारा मेहुणा आठवतो. ‘७/१२ कसा वाचायचा’ वाचून विशेष कोणी आठवत नाही. शेअरच्या आकड्यात एक तूट मात्र गृहीत धरा: कव्हरचा स्क्रीनशॉट काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला तर तो कुठेही मोजला जात नाही. ‘ब’सारख्या, एका वाक्यात पुऱ्या होणाऱ्या कव्हरचे असे स्क्रीनशॉट जास्त निघत असणार, म्हणजे त्याचे शेअर दिसतात त्याहून कमी नसावेत.

खरी गोम तक्त्याच्या शेवटच्या दोन ओळींत आहे. सुरुवातीच्या कार्डांवर ‘ब’ दुपटीने पुढे आहे, म्हणजे त्याने माणसं आत आणली. आठव्या कार्डावर तोच मागे पडला. दुप्पट माणसं दारातून आत आली आणि माजघरापर्यंत पोहोचली ती ‘अ’पेक्षा कमी. मधेच कुठेतरी ती परत फिरली.

कुठे, हे बघायला आकडे पुरत नाहीत. बारा जणांच्या हातात फोन देऊन ‘ब’ दाखवला, काही न विचारता, आणि फक्त अंगठा बघितला. सात जणांनी कव्हर सरकवलं, दुसरं कार्ड अर्धवट वाचलं आणि उलट सरकवून पुन्हा कव्हरवर आले. आपण भलतीकडे तर नाही ना आलो, हे तपासायला माणूस असाच मागे जातो. त्यांतले चार तिथूनच सोडून गेले. कव्हरने विचारलं होतं वर्ग २ चं आणि दुसरं कार्ड सांगत होतं सातबारा म्हणजे काय. ज्याला ‘वर्ग २’ हा शब्द खुपला, त्याच्या हातात उतारा आधीच आहे. तो काय असतो हे त्याला सांगून काय उपयोग? उत्तर होतं चौथ्या कार्डावर आणि मधे दोन कार्डं आडवी पडली होती. बारा जणांवरून टक्केवारी काढायची नसते, पण आकड्यांत दिसलेला खड्डा कशाचा आहे हे कळायला तेवढे पुरतात.

‘अ’ला हा त्रास झाला नाही, कारण त्याच्या कव्हरने जे सांगितलं तेच दुसऱ्या कार्डावर होतं. म्हणजे आतला मजकूर ‘अ’साठी लिहिला होता आणि ‘ब’ला तो आयता चिकटवला होता. आतलं सारखं ठेवणं चाचणीसाठी बरोबरच होतं. पण म्हणून ‘ब’च्या शब्दांवर खापर फोडणं चूक ठरलं असतं.

दुसऱ्या कार्डाचं महत्त्व नेहमीच्या, बिनपैशांच्या पोस्टमध्ये आणखी वाढतं. न सरकवलेला कॅरोसेल त्याच माणसाला पुन्हा दाखवताना इन्स्टाग्राम बऱ्याचदा दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं, हे इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी सांगितलेलं आहे. तिथे ‘सातबारा म्हणजे काय’ हे कार्ड कव्हर म्हणून उभं राहिलं तर ‘ब’ची सगळी मेहनत वाया.

दुसरी फेरी

आधी आतली मांडणी बदलली. भूधारणेचं कार्ड दुसऱ्या जागी आलं, उताऱ्याच्या डाव्या वरच्या भागाचा मोठा केलेला तुकडा आणि ‘भोगवटादार वर्ग २’ या शब्दांभोवती लाल गोल असं. कव्हर न पाहताही ते समजतं. त्याखाली एकच वाक्य: ‘विक्रीची परवानगी घेतली आहे का, आदेशाची प्रत मागा.’ पुढे इतर हक्क, मग नावं आणि क्षेत्र, मग फेरफार. ‘सातबारा म्हणजे काय’ आणि ‘कुठे मिळतो’ या दोन कार्डांचं एक करून ते सहाव्या जागी ढकललं. सातव्यावर परवानगीविषयी नवं कार्ड, आठवं यादीचं, जसंच्या तसं.

मग कव्हर. ‘ब’ची ओढ ठेवायची आणि ‘अ’सारखी ‘हे जपून ठेवण्याजोगं आहे’ ही खूण आणायची. ‘थांबा’ हा शब्द भीती दाखवतो, पण पुढे काय मिळेल हे सांगत नाही. तो काढून तिसरं कव्हर लिहिलं, ‘क’: ‘सातबाऱ्यावर “वर्ग २” दिसलं? इसार देण्याआधी या ४ जागा बघा.’ चार हा आकडा सजावटीचा नाही. आत मोजून चारच जागा आहेत: भूधारणा, इतर हक्क, नावं-क्षेत्र, फेरफार.

नव्या मांडणीवर ‘ब’ आणि ‘क’ यांची चाचणी लावली. तेवढाच खर्च, तेवढेच दिवस. पहिल्या फेरीत ज्यांनी काही केलं होतं ते वगळून. ‘ब’चा रीच १७,६००: सेव्ह १२१, शेअर ११८, आठव्या कार्डावरून क्लिक ५८. ‘क’चा रीच १८,०५०: सेव्ह १६८, शेअर ११०, आठव्यावरून ६६.

सेव्हचा हिशेब २.८ येतो, म्हणून ‘क’ पुढे असं म्हणता येतं. शेअरचा ०.५. तिथे ‘क’ मागे पडला असं म्हणायला आधार नाही. चार जागांचं आश्वासन दिल्याने सेव्ह वाढले आणि मेहुण्याला पाठवणारे कमी झाले नाहीत. आठव्या कार्डावरही दोघांत धरण्याजोगा फरक नाही (०.७).

मांडणीचा परिणाम बघायचा तर दोन फेऱ्यांतला ‘ब’ शेजारी ठेवावा लागतो आणि तिथे जपून बोलायला हवं, कारण आठवडे वेगळे आहेत. न हललेलं कार्ड फक्त आठवं, म्हणून तुलना फक्त त्याची: ३१ वरून ५८, हिशेबाचं उत्तर २.९. त्याच वेळी ‘ब’चे सेव्ह ११२ वरून १२१ आणि शेअर १२१ वरून ११८ झाले, म्हणजे जवळपास जागेवर. आठवडाच चांगला असता तर तेही वाढले असते. त्यामुळे खड्डा मांडणीने बुजला हे मानायला हरकत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या कार्डावरचे क्लिक मात्र दोन फेऱ्यांत ताडून बघायचे नाहीत. त्या जागी आता वेगळाच मजकूर आहे आणि त्याची लिंक दाबावीशी वाटण्याचं प्रमाणही वेगळं.

पानावर ‘क’ गेलं. बिनपैशांच्या पोस्टचे आकडे या चाचणीशी जुळवत बसायचं नाही: तिथे पाहणारे ओळखीचे, अनुयायी असतात, त्यामुळे सेव्हचं प्रमाण सहसा बरंच जास्त येतं. तिथली तुलना पानाच्याच आधीच्या दहा कॅरोसेलशी करायची, आणि तीही पोस्टला किमान आठवडा झाल्यावर. संदर्भाच्या पोस्टवर सेव्ह आणि शेअर उशिरापर्यंत येत राहतात.

एक शब्द अजून तपासायचा राहिला आहे. व्यवहार ठरताना द्यायच्या आगाऊ रकमेला प्रतिक्रियांत पुणे-ठाण्याकडचे लोक ‘टोकन’ म्हणतात. ‘इसार’ आणि ‘विसार’ हे शब्द गावाकडच्या प्रतिक्रियांत येतात. पुढच्या फेरीत ‘क’ तसंच ठेवून एवढा एकच शब्द बदलायचा, आणि प्रेक्षक शहरी व ग्रामीण असे दोन वेगळ्या चाचण्यांत घ्यायचे. एकाच चाचणीत मिसळले तर एकीकडची वाढ दुसरीकडच्या घटीत बुडून तक्त्यात फरक शून्य दिसेल.